रात्री नाव घेऊ नये

गावाकडे रात्रीच्या वेळी सापाला साप म्हणत नाहीत. ‘लांबडं’ म्हणतात, ‘जनावर’ म्हणतात. नाव घेतलं की ते येतं, अशी समजूत. लिहिलेल्या मजकुरावरून व्हिडिओ तयार करणाऱ्या एआय टूलच्या बाबतीत ही समजूत शब्दशः खरी आहे. तिथे नाव घेतलं की ते येतंच, तेही पहिल्याच सेकंदाला, चौकटीच्या मधोमध आणि चांगल्या उजेडात. म्हणून या टूलकडून भीतीची क्लिप करून घेणं विनोदी क्लिपपेक्षा कितीतरी अवघड जातं.

मे 2025 मध्ये गूगलचं व्हिओ 3 आलं आणि एकाच प्रॉम्प्टमधून चित्राबरोबर आवाजही तयार होऊ लागला. क्लिप आठ सेकंदांची. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस ओपनएआयचं सोरा 2 आलं, तेही आवाजासकट. त्याआधीची बहुतेक टूल्स मुकी होती. आवाज नंतर वेगळा लावावा लागे. भयकथेच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, कारण घाबरवण्याचं निम्म्याहून जास्त काम कान करतात. तरीही या टूल्समधून निघालेल्या भुताच्या क्लिपा एकसारख्या दिसतात. निळसर धुकं, पांढऱ्या कपड्यातली लांब केसांची बाई, मागे खर्जातला घुमणारा आवाज, शेवटी कॅमेऱ्यावर झेपावणारा चेहरा. पाहणारा ‘बापरे’ म्हणतो आणि पुढच्या रीलवर जातो.

हे का होतं, ते आधी पाहू. ही मॉडेल्स असंख्य व्हिडिओ आणि त्यांची शब्दांतली वर्णनं एकत्र पाहून तयार झालेली असतात. व्हिडिओचं वर्णन करणारा माणूस असो की यंत्र, तो जे दिसतं तेच लिहितो. ‘जिन्यावर एक बाई उभी आहे’ असं लिहिलं जातं. ‘जिन्यावर कुणी उभं असेल असं वाटतं, पण नाही’ असं वर्णन क्वचितच कुणी लिहितं. त्यामुळे शब्द म्हणजे दिसणारी वस्तू, एवढाच धडा मॉडेल पक्का शिकतं. ‘भयानक’, ‘गूढ’, ‘अंगावर काटा आणणारं’ ही विशेषणं तर आणखी वाईट. असे शब्द ज्या व्हिडिओंना लागलेले असतात त्या सगळ्यांची सरासरी ते काढतं, आणि त्या सरासरीत धुकं आणि केस मोकळे सोडलेली बाई असणारच.

नकार देऊनही सुटका होत नाही. ‘खोलीत भूत दिसत नाही’ असं लिहिलं तर वाक्यातला ‘भूत’ पुढे येतो आणि ‘नाही’ मागे पडतो. म्हणून काही टूल्समध्ये नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो. तिथेही ‘माणूस नको’ असं लिहायचं नसतं. नुसतं ‘माणूस, चेहरा, धुकं, संगीत’ अशी नावं टाकायची असतात. मुख्य मजकुरात या गोष्टींचा उल्लेखच करायचा नाही.

मग तिथे लिहायचं काय? भीती सोडून बाकी सगळं. खोली, उजेड, पडदा, कॅमेरा, आवाज. भीतीचं नाव न घेता तिच्या भोवतालचं इतकं नेमकं लिहायचं, की मधली मोकळी जागा पाहणाऱ्याने स्वतः भरावी. एक साधं दृश्य घेऊन हे टप्प्याटप्प्याने करून पाहू.

दृश्य असं आहे. रात्रीची वेळ, मध्यमवर्गीय घर. अरुंद पॅसेजच्या टोकाला स्वयंपाकघराचं अर्धवट उघडं दार. आत अंधार. आतल्या मोरीतला नळ गळतोय आणि थेंब स्टीलच्या बादलीत पडतायत. थोड्या वेळाने थेंबांचा आवाज थांबतो. मग बादलीची कडी एकदाच, हलकेच किणकिणते. एवढंच. दुसऱ्या क्लिपमध्ये कॅमेरा हळूहळू खाली झुकतो आणि दिसतं, की पाण्याने भरलेली ती बादली स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभी आहे. तिथे ती कशी आली, हे कुणी सांगत नाही.

सुरुवात स्थिर चित्रापासून करावी, व्हिडिओपासून नाही. बहुतेक टूल्समध्ये एखादं चित्र पहिली फ्रेम म्हणून देता येतं. मोकळ्या जागेचा खेळ शब्दांनी मॉडेलकडून करून घेणं जिकिरीचं असतं, कारण त्याचा ओढा विषय मधोमध ठेवण्याकडे आणि रिकामी चौकट भरून काढण्याकडे असतो. रिकामा पॅसेज लिहिलात की ते बहुधा त्यात कुणालातरी चालायला लावतं. स्थिर चित्र आधी केलं की मोकळी जागा किती आणि कुठे, हे आपल्या हातात राहतं. चित्र मनासारखं होईपर्यंत बदलत राहता येतं आणि व्हिडिओच्या मानाने त्याला वेळ आणि पैसा दोन्ही कमी लागतात. स्वतःच्याच घरात रात्री फोनने फोटो काढला तर आणखी उत्तम. मराठी घरातली मोरी, कडप्प्याचा ओटा आणि दाराची चौकट यंत्राला नीट जमेलच असं नाही.

या चित्रात डावीकडच्या खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळट पट्टा भिंतीवर पडलेला हवा आणि खिडकीला पातळ पडदा. उजेडाचा स्रोत हा एकच. स्वयंपाकघराचं दार उजवीकडे, आणि त्यामागचा काळोख चौकटीचा मोठा हिस्सा व्यापणारा. ‘अंधारी खोली’ एवढंच लिहिलं तर मॉडेल सगळीकडे सारखा निळा मंद उजेड पसरवतं, ज्यात सगळं दिसतं आणि कशाचीच धास्ती वाटत नाही. दिवा कुठे आहे, त्याचा रंग कोणता, तो कुठवर पोचतो हे लिहिलं की उरलेला भाग आपोआप काळा पडतो. आणखी एक गोष्ट, जी दुसऱ्या क्लिपमध्ये कामाला येणार आहे: चौकटीची खालची कड दाराच्या गुडघाभर उंचीवर ठेवायची. फरशी आणि उंबरठा दिसताच कामा नयेत.

भिंतीवर कॅलेंडर लावण्याचा मोह होतो, कारण मराठी घर म्हटलं की कॅलेंडर आलंच. तो टाळावा. चित्र फोटोचं असलं तरी व्हिडिओ सुरू झाल्यावर ही टूल्स बारीक अक्षरं वितळवतात, आणि पाहणाऱ्याचं लक्ष दाराकडे न जाता त्या वळवळणाऱ्या तारखांकडे जातं. घड्याळाचंही तेच.

झाकून ठेवण्याची ताकद किती असते, याचा एक किस्सा छायाचित्रकार विल्यम फ्रेकर यांनी ‘व्हिजन्स ऑफ लाइट’ या 1992 च्या माहितीपटात सांगितला आहे. रोमन पोलान्स्कीच्या ‘रोझमेरीज बेबी’ (1968) मध्ये शेजारची म्हातारी आतल्या खोलीत जाऊन फोनवर बोलते. फ्रेकर यांनी ती दारातून नीट दिसेल अशी चौकट लावली होती. पोलान्स्कीने कॅमेरा सरकवायला लावला. आता दाराच्या चौकटीआड तिचा चेहरा झाकला गेला आणि फक्त पाठ उरली. फ्रेकर यांना कारण कळेना. ते कळलं थिएटरमध्ये. अख्ख्या प्रेक्षागृहाने दाराच्या आड डोकावता यावं म्हणून माना एका बाजूला कलवल्या.

आपल्या पॅसेजमधलं दार त्यासाठीच अर्धवट उघडं आहे. पूर्ण बंद दार म्हणजे भिंत, आणि सताड उघडं दार म्हणजे नुसती दुसरी खोली.

आता आवाज. ध्वनीने घाबरवण्याचा वस्तुपाठ म्हणून चित्रपटांचे अभ्यासक हमखास जो प्रसंग सांगतात तो 1942 च्या ‘कॅट पीपल’ या सिनेमातला. निर्माता व्हॅल लुटन, दिग्दर्शक जाक तूर्नर. आरकेओ स्टुडिओने लुटनला घालून दिलेली अट होती की प्रत्येक चित्रपट दीड लाख डॉलरच्या आत बसला पाहिजे. शिवाय लुटनला श्वापद उघडपणे दाखवायचंही नव्हतं. प्रसंगात ॲलिस रात्री एकटी चालली आहे. तिच्या मागून इरिना येते आहे, जिच्यात बिबट्या दडलेला आहे असा संशय आहे. दोघींच्या टाचांचे आवाज ऐकू येत राहतात. मग मागच्या टाचा थांबतात. पडद्यावर काहीच झालेलं नसतं. एक आवाज होता, तो आता नाही, इतकंच. ॲलिस मागे पाहते, पावलं उचलते, आणि श्वापदाच्या फुत्कारासारखा आवाज करत चौकटीत शिरते एक बस. तेव्हापासून अशा खोट्या दचक्याला सिनेमावाले ‘लुटन बस’ म्हणू लागले. पुढच्या सिनेमांनी त्या बसची नक्कल केली. मला मात्र बसपेक्षा त्याआधीची थांबलेली पावलं जास्त मोलाची वाटतात.

कारण थांबणारा आवाज एआय क्लिपमध्येही करता येतो आणि त्याला चित्रातली कुठलीच करामत लागत नाही. अट एकच. तो आवाज आधी पुरेसा वेळ ऐकू आला पाहिजे, कानाला त्याची सवय झाली पाहिजे. आठ सेकंदांत पाच सेकंद त्याला द्यावेत. सेकंदाला एक थेंब धरला तर पाच थेंब होतात, आणि सहाव्याची वाट कान आपोआप पाहतो.

इथे मॉडेलची खोड आडवी येते. ‘स्टीलच्या बादलीत थेंब पडतायत’ असं आवाजाच्या वर्णनात लिहिलं तरी मॉडेल बादली चित्रात काढायला धावतं. ज्या व्हिडिओंवर ते शिकलं त्यांत आवाज करणारी वस्तू बहुतेक वेळा समोरच दिसत असते, त्यामुळे आवाज आहे तर वस्तूही हवी, असं त्याचं गणित. यावर उपाय दोन, आणि ते एकत्र करावेत. पहिला, आपण दिलेली पहिली फ्रेम आणि अजिबात न हलणारा कॅमेरा; त्यामुळे बादलीला आत यायला जागाच राहत नाही. दुसरा, वस्तूचं नाव न घेता आवाजाचं वर्णन करणं: पाणी धातूवर ठिबकतंय, आवाज अंधाऱ्या खोलीतून, चौकटीबाहेरून येतोय.

शांततेचंही असंच. ‘मग शांतता’ असं लिहिलं की मॉडेलला ती जागा रिकामी वाटते आणि ते तिथे व्हायोलिन ओततं. कधी आवाज पूर्णच तुटतो, आणि फोनवर पाहणाऱ्याला वाटतं की आपलाच हेडफोन बिघडला. खऱ्या घरात रात्रीची शांतता कधीच पूर्ण नसते; फ्रीजची घरघर असते, लांबून कुत्रं भुंकत असतं. म्हणून काय गेलं ते लिहून झालं की काय उरलं तेही लिहायचं. थेंब थांबले, फ्रीजची घरघर तेवढी राहिली. ती घरघर पहिल्या क्षणापासून ऐकू येत असायला हवी, नाहीतर ती नव्यानेच सुरू झाल्यासारखी वाटते आणि थांबण्याचा परिणाम जातो.

ही टूल्स मराठी मजकूर बऱ्यापैकी समजतात, पण कॅमेरा आणि आवाजाच्या सूचना इंग्रजीत दिल्या तर गोंधळ कमी होतो, असा माझा अनुभव. पहिल्या क्लिपचा प्रॉम्प्ट असा:

```
One continuous static shot, camera locked on a tripod.
Night, a narrow passage, a half-open door, dark room beyond.
A thin curtain stirs slightly. The rest stays still.
Audio: faint refrigerator hum. From the dark room,
off-screen, water drips onto metal, once a second.
After five seconds the dripping stops; the hum remains.
Then one soft metallic clink.
```

यात ‘भय’ किंवा ‘गूढ’ अर्थाचा एकही शब्द नाही. एखाद्या प्लंबिंग कंपनीच्या जाहिरातीलाही हा मजकूर चालेल, आणि ते योग्यच आहे. पहिल्या ओळीतला ‘एकच सलग शॉट’ महत्त्वाचा. वेळेचे टप्पे दिले की काही मॉडेल्स प्रत्येक टप्प्याला नवा शॉट समजून मध्येच कापतात, आणि अचानक नळाचा क्लोजअप येतो. पडदा का हलतो, याचंही कारण आहे. काहीच न हलणारं दृश्य मॉडेलला सोसवत नाही. ते कॅमेरा पुढे ढकलतं किंवा दार हलवतं. त्याला हलवायला एक निरुपद्रवी वस्तू दिली की त्याची हौस भागते. शिवाय पाहणाऱ्यालाही कळतं, की हे स्थिर चित्र नाही, इथे वेळ सरकतोय.

काही ॲप्स आपण लिहिलेला प्रॉम्प्ट आतल्या आत फुगवून मग मॉडेलकडे पाठवतात. साध्या वापरासाठी ती सोय चांगली, पण इथे घातक. अंधारा पॅसेज आणि थांबलेले थेंब पाहून ते यंत्र ‘अस्वस्थ करणारं वातावरण’ वगैरे स्वतःच जोडू शकतं. सोय बंद करता येत असेल तर करावी. नसेल तर क्लिपमध्ये न मागितलेलं संगीत आलं, रंग निळे झाले, तर हात त्या फुगवणाऱ्याचा असू शकतो हे ओळखावं.

कडीचा किणकिणाट दर वेळी नीट येईल असं नाही. कधी तो भांडं पडल्यासारखा धडाम येतो, कधी थेंब थांबण्याआधीच येतो. त्यासाठी अख्खी क्लिप पुन्हा पुन्हा काढण्यात अर्थ नाही. चित्र चांगलं असेल तर ते ठेवावं, आवाज दुसऱ्या क्लिपमधला घ्यावा, आणि कडीचा आवाज घरच्या बादलीची कडी सोडून फोनवर रेकॉर्ड करावा. फोनवरच्या साध्या एडिटिंग ॲपमध्येही हे थर एकावर एक लावता येतात. माझ्या मते या क्लिपमधला तो एक आवाज खराच असावा. कान खोट्या धातूला फार लवकर पकडतात.

आता दुसरी क्लिप, म्हणजे उलगडा. इथे बहुतेकजण लिहितात, ‘हळूहळू अंधारातून एक आकृती प्रकट होते’. मॉडेलसाठी ‘प्रकट होणं’ म्हणजे जिथे काही नाही तिथे काहीतरी तयार होणं. मग भिंतीतून धूर निघतो, धुराचा खांदा होतो, खांद्याला मान फुटते. त्या वितळण्याच्या क्षणी पाहणारा भीतीतून बाहेर पडून तंत्राकडे पाहू लागतो. हळू उलगड्याचं सूत्र वेगळं आहे: जे दाखवायचं ते आधीपासून तिथेच असतं, बदलते ती आपली नजर. कॅमेरा हलतो किंवा उजेड सरकतो, ती वस्तू मात्र जागची हलत नाही.

आपण उंबरठा चौकटीबाहेर ठेवला होता तो यासाठी. पहिल्या क्लिपची शेवटची फ्रेम काढून ती दुसऱ्या क्लिपची पहिली फ्रेम म्हणून द्यायची. त्या फ्रेममध्ये बादली नाही, त्यामुळे मॉडेलला ती लगेच दाखवता येत नाही. कॅमेरा खाली झुकतो तेव्हाच त्याला ती काढावी लागते. म्हणजे नाव घेतलं की लगेच आणून दाखवण्याची त्याची जी खोड पहिल्या क्लिपमध्ये नडत होती, ती इथे उपयोगी पडते.

```
The camera tilts down very slowly and rests on the threshold.
A steel bucket, full of water, has been standing there.
It stands perfectly still; the water surface trembles.
Audio: faint refrigerator hum, nothing added.
```

हे करताना काय बिघडू शकतं? एक, बादली कडेकडून सरकत आत येते. तसं झालं तर ‘आधीपासून उभी आहे’ हे आणखी ठळक लिहावं आणि वाक्यातली बादलीशी जोडलेली सगळी हालचालीची क्रियापदं काढून टाकावीत. दोन, कॅमेरा फार लवकर खाली पोचतो आणि उरलेले पाच सेकंद आपण बादलीकडे बघत बसतो. ‘अगदी हळू’ हे शब्द मॉडेल फारसं मनावर घेत नाही. मग एडिटिंगमध्ये वेग कमी करावा. स्थिर खोलीत निम्म्या वेगाने चाललेला कॅमेरा खटकत नाही, मात्र पडदा चौकटीत असेल तर त्याची संथ हालचाल लगेच लक्षात येते. तीन, पाण्याऐवजी रक्त येतं. तसा एकही शब्द नसताना ते येत असेल तर प्रॉम्प्ट फुगवला जातोय असं समजावं. ‘स्वच्छ पाणी’ असं लिहिलं की ते बहुधा थांबतं. रक्त, जखमा, घाबरलेली मुलं अशा मजकुराला या कंपन्यांच्या सुरक्षा चाळण्या अडवतातही. अनेकदा प्रॉम्प्टच नाकारला जातो. बादलीला कुणी अडवत नाही.

आणि पाणी थरथरतंय ते का? बादली उंबरठ्यावर येऊन किती वेळ झाला, हे ते सांगतं. पाणी स्थिर असतं तर ती सकाळपासून तिथे असू शकली असती.

दोन्ही क्लिपा जोडताना मला एक गोष्ट करावीशी वाटते. किणकिणाट आणि कॅमेरा झुकण्याची सुरुवात यांच्यामध्ये दोन सेकंद काहीच नको. मॉडेलच्या क्लिपा नेहमी घाईत असतात. आठ सेकंदांत एक घटना सुरू करून संपवावी, असा त्यांचा खाक्या. वाट पाहायला लावणं हे माणसालाच एडिटिंगच्या टेबलावर करावं लागतं. पहिल्या क्लिपची शेवटची फ्रेम तशीच धरून ठेवली तर पडदा गोठतो आणि युक्ती उघडी पडते. त्याऐवजी क्लिपच्या सुरुवातीचा, पडदा हलणारा दोन सेकंदांचा तुकडा आवाज काढून तिथे लावावा आणि जोडावर एक फ्रेम दुसरीत विरघळू द्यावी. मागे फ्रीजची घरघर अखंड चालू ठेवावी. चित्रातला सांधा कान झाकतात.

झालेली क्लिप तपासायची माझी पद्धत साधी आहे. आधी आवाज बंद करून पाहायची. मुक्या चित्रानेच भीती वाटत असेल तर चित्र फार बोलतंय, काहीतरी काढायला हवं. आपल्या पहिल्या क्लिपच्या मुक्या चित्रात फक्त एक दार आणि हलणारा पडदा दिसला पाहिजे, कंटाळवाणा. मग डोळे मिटून नुसतं ऐकायचं, आणि थेंब थांबला तो क्षण चुकतोय का ते पाहायचं. तिसऱ्यांदा शेवटच्या काही फ्रेम एकेक करून तपासायच्या. अंधाराच्या कोपऱ्यात मॉडेल कधीकधी चेहऱ्यासारखे डाग सोडतं. कुणी म्हणेल, राहू दे, उलट चांगलंच आहे. मी ते पुसतो, कारण एकदा पाहणाऱ्याला कोपऱ्यात चेहरा सापडला की त्याचा शोध संपतो आणि बादलीकडे कुणी बघत नाही.

सीसीटीव्हीच्या दाणेदार चित्रासारखी क्लिप करणं मात्र फार सोपं आहे आणि म्हणून मोहाचंही. कोपऱ्यात तारीख, करडा रंग, वरून लावलेला कॅमेरा. दोष सगळे झाकले जातात. अशाच क्लिपा ‘अमुक घाटातला खरा प्रसंग’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतात. गूगल आपल्या व्हिडिओंत डोळ्यांना न दिसणारी सिंथआयडी ही खूण घालतं, पण फॉरवर्ड करणारा काका ती तपासत बसत नाही. त्यामुळे क्लिप आपली आहे आणि एआयची आहे, हे चित्रावरच ठळक लिहिलेलं बरं.

शेवटची तपासणी फोनवर, कारण क्लिप तिथेच पाहिली जाणार. लॅपटॉपवर सुंदर दिसणारा काळोख फोनवर दोन रीतींनी बिघडतो. अपलोड करताना फाइल दाबली जाते आणि काळ्या भागात चौकोनी ठिगळं उमटतात. शिवाय दुपारच्या उजेडात कमी ब्राइटनेसवर पाहणाऱ्याला दार आणि भिंत एकच दिसते. पिवळा पट्टा थोडा उजळ केला आणि काळ्या भागावर अगदी हलका दाणा पेरला तर ठिगळं बरीच लपतात. आवाजाचंही तसंच. फोनच्या स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत. मॉडेलला जो खर्जातला घुमणारा आवाज इतका प्रिय आहे तो फोनवर गायब होतो, आणि त्याच्यावरच भिस्त ठेवलेली क्लिप मुकी पडते. स्टीलवर पडणारा थेंब मात्र उंच स्वराचा असतो. तो लोकलच्या गर्दीतही ऐकू येतो. फ्रीजची घरघर तेवढी थोडी वरच्या स्वरात आणि किंचित मोठी ठेवावी लागते, नाहीतर थेंब थांबल्यावर फोनवर खरंच काही उरत नाही.